एफडीची मॅच्युरिटी तारीख एक-दोन दिवसांनी चुकतेय? महिने आणि दिवस असे मोजा

पावतीवर सुरुवातीची तारीख आहे, मुदत ७ महिने १५ दिवस असं स्वच्छ लिहिलंय, तरी मॅच्युरिटी कधी हे काढायला बसलं की घरातल्या तीन माणसांची तीन उत्तरं येतात आणि बँकेचं चौथंच निघतं. हा प्रश्न मला सतत विचारला जातो, कारण सोसायटीच्या सिंकिंग फंडाच्या आणि घरातल्या ज्येष्ठांच्या एफड्यांची वही माझ्याकडे असते. पावती हातात असेल तर तारीख तिच्यावर छापलेलीच असते हे खरंय, पण पावती लॉकरमध्ये असते, किंवा एफडी करायच्या आधीच बघायचं असतं की पैसे लग्नाच्या किंवा फीच्या आधी हातात येतील का, किंवा छापलेली तारीख आपल्या हिशोबाशी जुळत नसते आणि मग झोप उडते. म्हणून जिथे नेहमी गडबड होते ते एकदा नीट लिहून ठेवतोय.

सरळ एक उदाहरण घेऊ. ३१ जुलै २०२५ ला दोन लाखाची एफडी केली, मुदत ७ महिने १५ दिवस, व्याज साडेसहा टक्के धरू. आता मॅच्युरिटी कधी?

पहिली पद्धत जी बहुतेक लोक वापरतात ती म्हणजे महिना तीस दिवसांचा धरायचा. सात त्रिक एकवीस, म्हणजे २१० दिवस, अधिक १५, झाले २२५, ते ३१ जुलैपासून पुढे मोजले की १३ मार्च २०२६ येतो. दुसरी पद्धत कोणीतरी एक्सेलमध्ये करतं आणि तिथे १८ मार्च येतो (तो का येतो ते खाली सांगतो). आणि बरोबर उत्तर आहे १५ मार्च २०२६.

ते असं निघतं. आधी फक्त महिने पुढे सरकवायचे, दिवसांना अजिबात हात लावायचा नाही. ३१ जुलैपासून सात महिने पुढे म्हणजे ३१ फेब्रुवारी, पण अशी तारीखच नसते, मग त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा, २०२६ लीप वर्ष नाही म्हणून २८ फेब्रुवारी. आता त्या २८ फेब्रुवारीवर १५ दिवस मोजायचे, १ मार्च हा पहिला, २ मार्च दुसरा, असं करत पंधरावा येतो १५ मार्च. झालं. ३१ जुलै ते १५ मार्च असे प्रत्यक्ष दिवस मोजले तर २२७ भरतात, २२५ नाही, कारण मधल्या सात महिन्यांत ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर, जानेवारी हे एकतीसचे आले आणि फेब्रुवारी अठ्ठावीसचा. तीसचा महिना धरला की नेमका हाच फरक पडतो, आणि मुदत जितकी मोठी तितका वाढत जातो, वर्षाच्या एफडीला तो पाच दिवसांचा होतो, लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी मधे आला तर सहा.

दोन दिवसांनी काय बिघडतं असं वाटेल, म्हणून हेच उदाहरण कॅलेंडरवर ठेवून बघा. १५ मार्च २०२६ हा रविवार आहे. त्याच्या आदला शनिवार १४ मार्च, महिन्यातला दुसरा शनिवार, बँक बंद. म्हणजे तीस दिवसांचा महिना धरणारा माणूस शुक्रवारी १३ तारखेला पावती घेऊन बँकेत जाणार, रांगेत उभा राहणार, आणि काउंटरवर त्याला सांगणार की काका अजून मॅच्युअर नाही झाली, आज काढली तर मुदतीआधी मोडल्यासारखं होईल. घाई असेल आणि तो हो म्हणाला तर ठरलेलं व्याज जातं, जितके दिवस पैसे राहिले तेवढ्या मुदतीचा जो दर असेल तो लागतो आणि बहुतेक बँका त्यातूनही अर्धा ते एक टक्का दंड म्हणून कापतात. अशा वेळी दोन दिवसांसाठी मोडू नका, सोमवारी १६ ला जा.

आणि सोमवारपर्यंत थांबण्यात नुकसान नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मॅच्युरिटी सुट्टीच्या दिवशी आली आणि पैसे पुढच्या कामाच्या दिवशी मिळाले तर मधल्या सुट्टीच्या दिवसाचं व्याज बँकेने ठरलेल्याच दराने द्यायचं असतं, रिझर्व्ह बँकेच्या नियमातच आहे ते. साध्या एफडीत ते मूळ रकमेवर मिळतं, आणि व्याज आतच साठत जाणारी एफडी असेल तर मॅच्युरिटीच्या रकमेवर. आपल्या दोन लाखावर साडेसहा टक्क्याने दिवसाला साधारण ३५ रुपये ६० पैसे होतात. फार नाहीत पण हक्काचे आहेत. लक्षात ठेवायचं ते एवढंच की सुट्टीमुळे मॅच्युरिटीची तारीख बदलत नाही, पावतीवर १५ मार्चच राहते, पैसे मिळण्याचा दिवस फक्त पुढे जातो. पावतीवर रविवारची तारीख बघून ती चुकलीय असं समजायचं कारण नाही.

आता एक्सेलचं. गुगल शीट्स असो की एक्सेल, लोक डोकं लढवून साधारण असा फॉर्म्युला लिहितात, A2 मध्ये सुरुवातीची तारीख, B2 मध्ये महिने, C2 मध्ये दिवस:

```
=DATE(YEAR(A2),MONTH(A2)+B2,DAY(A2)+C2)
```

दिसायला बरोबर वाटतो आणि बहुतेक तारखांना उत्तरही बरोबर देतो, म्हणून तर चूक सापडत नाही. पण हा फॉर्म्युला महिन्याच्या शेवटाला थांबत नाही, ३१ फेब्रुवारी असं झालं की जास्तीचे तीन दिवस तो मार्चमध्ये ढकलतो, म्हणजे २८ फेब्रुवारीऐवजी ३ मार्च धरतो, आणि त्यावर १५ दिवस म्हणजे १८ मार्च. तीन दिवस उशिरा. त्याऐवजी हा वापरा:

```
=EDATE(A2,B2)+C2
```

EDATE महिने सरकवतो आणि तारीख नसेल तर महिन्याच्या शेवटच्या दिवसावर थांबतो, मग त्यात दिवस मिळवले जातात, म्हणजे वर हाताने केलं तेच. उत्तराच्या जागी `46096` असा आकडा दिसला तर घाबरू नका, तो १५ मार्च २०२६ च आहे, सेलचा फॉरमॅट नंबरवरून डेटवर न्या की तारीख दिसेल.

हा महिन्याच्या शेवटाचा प्रकार फक्त २९, ३० आणि ३१ तारखेला सुरू होणाऱ्या एफड्यांनाच लागू होतो. १ ते २८ मधली सुरुवात असेल तर ती तारीख प्रत्येक महिन्यात असतेच, मग कुठला फॉर्म्युला वापरला याने काही फरक पडत नाही. त्यामुळे तुमचा तक्ता वर्षभर बरोबर चालला आणि अचानक एकाच एफडीला चुकला तर आधी तिची सुरुवातीची तारीख बघा, महिनाअखेरची निघण्याची शक्यता खूप आहे.

शीटमध्ये अजून एक त्रास होतो तो तारीख टाईप करतानाच. शीटची सेटिंग अमेरिकन असेल तर `05/08/2025` हे आपल्यासाठी ५ ऑगस्ट पण तिच्यासाठी ८ मे, आणि ती काही न बोलता ८ मे धरून पुढे हिशोब करते. `31/07/2025` टाकलं तर एकतिसावा महिना नसल्यामुळे ती तारीख म्हणून घेतच नाही, साधा मजकूर म्हणून ठेवते, सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसते आणि फॉर्म्युल्यात `#VALUE!` येतं. म्हणजे काही ओळींत एरर आणि काही ओळींत उत्तर महिनोन्‌महिने इकडेतिकडे, असं दिसलं की समजायचं दिवस-महिन्याची अदलाबदल झालीय. गुगल शीट्समध्ये File मध्ये Settings मध्ये Locale ला India करा, पण त्याने आधी चुकीच्या घेतल्या गेलेल्या तारखा आपोआप सुधारत नाहीत, त्या परत टाईप कराव्या लागतात.

आता क्रमाबद्दल, कारण आधी महिने आणि मग दिवस यावर मी एवढा जोर का देतोय असं कोणी ना कोणी विचारतंच. उलटं केलं तर कधीकधी तेच उत्तर येतं आणि कधीकधी येत नाही. वरच्याच उदाहरणात आधी १५ दिवस मिळवले तर १५ ऑगस्ट, त्यापुढे सात महिने, १५ मार्च, उत्तर तेच आलं, योगायोगाने. पण २० जानेवारी २०२६ ला १ महिना १५ दिवसांची एफडी घ्या. आधी महिना सरकवला तर २० फेब्रुवारी, त्यावर १५ दिवस, ७ मार्च. आधी दिवस मिळवले तर ४ फेब्रुवारी, त्यावर महिना, ४ मार्च. आणि तीसचा महिना धरून ४५ दिवस मोजणाऱ्याला ६ मार्च मिळतो. तीन पद्धती, तीन तारखा, त्यातली बरोबर ७ मार्च. मुदत महिने आणि दिवस अशी सांगितली की पूर्ण महिने सुरुवातीच्या तारखेपासून मोजायचे आणि उरलेले दिवस शेवटी, हाच तिचा अर्थ.

एका दिवसाचाच फरक असेल तर कारण वेगळं असतं. दोनपैकी एक.

पहिलं म्हणजे सुरुवातीचा दिवस मोजणं. भाड्याचा करार किंवा विम्याची पॉलिसी १५ तारखेला सुरू झाली की पुढच्या वर्षी १४ ला संपते, त्या सवयीने लोक एफडीलाही १४ तारीख लावतात. एफडीत तसं नाही, १५ ला केलेली बारा महिन्यांची एफडी पुढच्या वर्षी १५ लाच मॅच्युअर होते. व्याज १४ तारखेपर्यंतच्या दिवसांचं मोजलं जातं आणि १५ ला पैसे तुमचे. सगळ्यात छोट्या, सात दिवसांच्या एफडीवर हे पटकन ताडून बघता येतं, १ तारखेला केली तर ती ८ ला मॅच्युअर होते, ७ ला नाही. म्हणून दिवस मोजताना बोट सुरुवातीच्या तारखेवर नाही, तिच्या पुढच्या तारखेवर ठेवून एक म्हणायचं.

दुसरं म्हणजे १२ महिने आणि ३६५ दिवस एकच समजणं. एरवी ते एकच असतात पण मधे २९ फेब्रुवारी आला की नाही. १० जून २०२३ ची बारा महिन्यांची एफडी १० जून २०२४ ला संपली, तीच ३६५ दिवसांची असती तर ९ जूनला संपली असती. पुढचा २९ फेब्रुवारी २०२८ मध्ये आहे, तेव्हा आत्ता ज्या दोन-तीन वर्षांच्या एफड्या होतायत त्यातल्या बऱ्याच त्या तारखेवरून जाणार. पावतीवर मुदत कशात लिहिलीय ते बघा, महिन्यांत लिहिली असेल तर महिन्यांत मोजा, दिवसांत लिहिली असेल तर दिवसांतच, एकातून दुसऱ्यात बदलू नका.

ही बदलाबदली ४४४ दिवसांच्या स्कीममध्ये फार होते, स्टेट बँकेची अमृतवृष्टी आहे तशा. लोक ४४४ दिवस म्हणजे १४ महिने १८ दिवस असं कुठेतरी लिहून ठेवतात आणि प्रत्येक एफडीला तेच लावतात. १० एप्रिल २०२५ ला केली असेल तर ते जुळतं, ४४४ दिवसांनी २८ जून २०२६ येतो आणि १४ महिने १८ दिवसांनीही तोच. पण १० जानेवारी २०२५ ची असेल तर ४४४ दिवस भरतात ३० मार्च २०२६ ला, आणि १४ महिने १८ दिवसांनी येतो २८ मार्च, कारण मधे फेब्रुवारी दोनदा आला. फक्त दिवसांत दिलेल्या मुदतीला शीटमध्ये सरळ `=A2+444` करायचं, EDATE ची गरजच नाही.

इतकं सगळं बरोबर करूनही तारीख तीन-चार दिवसांनी किंवा त्याहून जास्त चुकत असेल तर मोजणीत चूक नाही, तुम्ही सुरुवातच चुकीच्या तारखेपासून केलीय. पावतीवर दोन-तीन तारखा असतात आणि त्यातली पहिली दिसेल ती लोक उचलतात. समजा चेक २८ जुलैला दिला, तो ३१ ला क्लिअर झाला, आणि पावती छापून मिळाली ४ ऑगस्टला. मुदत ३१ जुलैपासून धरतात, म्हणजे ज्या दिवसापासून व्याज सुरू होतं तिथून, पावतीवर तिला बहुतेक ठिकाणी व्हॅल्यू डेट किंवा इफेक्टिव्ह डेट म्हणतात. ४ ऑगस्ट ही नुसती पावती दिल्याची तारीख आहे, तिचा मुदतीशी संबंध नाही. रिन्यू केलेल्या एफडीत हा फरक अजून मोठा असतो, एफडी मॅच्युअर झाल्यावर तुम्ही दहा दिवसांनी बँकेत गेलात आणि बँकेने जुन्या मॅच्युरिटीच्या तारखेपासूनच रिन्यू केली तर नवीन पावतीवर आजची तारीखही असेल आणि दहा दिवसांपूर्वीचीही, आणि मोजायचं त्या जुन्या तारखेपासून. रात्री उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशी मोबाईलवरून एफडी केली असेल तरी एकदा बघून घ्या की तारीख त्याच दिवसाची पडलीय की दुसऱ्या दिवसाची, पैसे खात्यातून गेले त्या मेसेजवरून अंदाज करू नका.

आणि रिन्यूअलचीच अजून एक गोष्ट, जी दरवर्षी परत परत विचारली जाते. ३१ ऑगस्ट २०२५ ला सहा महिन्यांची एफडी केली, ऑटो रिन्यूअल चालू. पहिल्यांदा मॅच्युअर होते २८ फेब्रुवारी २०२६ ला. तिथून परत सहा महिने, तर लोक म्हणतात ३१ ऑगस्ट, पण येतो २८ ऑगस्ट २०२६. नवीन एफडी २८ फेब्रुवारीला जन्मली, तिला ३१ तारीख माहीतच नाही, आणि यापुढे ती २८ लाच येत राहणार. मूळ तारखेपासून एकदम बारा महिने सरकवले तर ३१ ऑगस्ट येईल आणि तीन दिवस उशीर होईल, तोपर्यंत ती परत सहा महिन्यांसाठी लॉक झालेली असेल. म्हणून रिन्यू होणाऱ्या एफडीचा हिशोब टप्प्याटप्प्याने करायचा, प्रत्येक मॅच्युरिटीची तारीख पुढच्याची सुरुवात म्हणून घ्यायची, शीटमध्ये प्रत्येक रिन्यूअलला वेगळी ओळ द्यायची. पैसे काढायचे असतील तर ऑटो रिन्यूअल बंद करायची सूचना मॅच्युरिटीच्या आधीच द्यावी लागते, मी तरी आठवडाभर आधी देतो.

ऑटो रिन्यूअल नसेल आणि तारीख विसरलात तर पैसे बुडत नाहीत, पण पडून राहतात. २०२१ च्या जुलैपासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की मॅच्युअर होऊन न काढलेल्या एफडीला सेव्हिंगचा दर किंवा त्या एफडीचा ठरलेला दर, यातला जो कमी तो मिळतो. जवळपास नेहमी तो सेव्हिंगचाच असतो.

शेवटचं, सगळं तपासलं, व्हॅल्यू डेट बरोबर घेतली, मुदत महिन्यांत आहे की दिवसांत ते बघितलं, महिनाअखेर बघितली, तरी पावतीवरची तारीख जुळत नाही, तर बहुतेक वेळा मुदतच चुकीची टाकली गेलेली असते. फॉर्मवर ७ महिने १५ दिवस लिहिलं आणि सिस्टीममध्ये टाकताना दिवसांचा रकाना रिकामा राहिला, तर मॅच्युरिटी १५ मार्चऐवजी २८ फेब्रुवारी येते, म्हणजे फरक नेमका त्या पंधरा दिवसांचा दिसतो. असा फरक दिसला की ती पावती आणि भरलेल्या फॉर्मची कॉपी घेऊन लगेच शाखेत जा, मॅच्युरिटीपर्यंत थांबू नका, कारण मुदत कमी पडली म्हणून व्याजाचा स्लॅबही बदललेला असू शकतो. अर्ज लेखी द्या, त्यात एफडी नंबर, व्हॅल्यू डेट, मागितलेली मुदत आणि तुमच्या हिशोबाने येणारी तारीख लिहा, पोच म्हणून दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि सही घ्या. दुरुस्त केलेली नवीन पावती हातात आली की तिच्यावरची व्हॅल्यू डेट जुनीच आहे ना हे काउंटर सोडायच्या आधी बघा, ती दुरुस्तीच्या दिवसाची टाकली असेल तर मधल्या दिवसांचं व्याज जातं.